साडेसात की पाच?

गेल्या पालकसभेत फळ्यावर दोन आकडे लिहिले गेले आणि पुढचा तासभर सभा त्या दोन आकड्यांवरच झाली. एक आकडा होता साडेसात आणि दुसरा होता पाच. दोन्ही आकडे एकाच गठ्ठ्यातून, पालकांनी भरून दिलेल्या १६० फॉर्मांतून निघालेले. एक विश्वस्त म्हणाले, "दहापैकी साडेसात म्हणजे पंच्याहत्तर टक्के, विशेष प्रावीण्य! पेढे वाटायला हवेत." दुसरे विश्वस्त कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतात. ते म्हणाले, "आमच्या पद्धतीने काढले तर पाचच येतात. यात पेढे कसले?" मागच्या बाकांवर बसलेल्या नववीच्या मुलांची मात्र चांगलीच करमणूक झाली. आपण एकच पेपर तपासला आणि दोन मास्तरांनी दोन निकाल लावले, असे त्यांना वाटले असणार.

हे फॉर्म मोजण्याचे काम आम्हा तीन पालकांकडे होते आणि नववीची मुले मदतीला होती. त्यामुळे हे दोन आकडे कुठून आले, त्यांतला कोणता किती खरा मानायचा आणि सभेत पुढे आलेल्या सूचनेबद्दल आमचे मत काय, हे वार्तापत्रातून सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. सूचना अशी होती की, दुसऱ्या पद्धतीने काढलेला आकडा दर वर्षी वर्गवार काढावा, कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावावा आणि पुढच्या वर्षासाठी ३० चे लक्ष्य ठेवावे. आमचा या सूचनेला विरोध आहे. पद्धतीला मात्र विरोध नाही. हा फरक समजावा म्हणूनच हा लेख.

आधी प्रश्न काय होता ते आठवू. फॉर्मवर मुख्य प्रश्न एकच होता : 'आपल्या ओळखीच्या एखाद्या कुटुंबाला ही शाळा सुचवण्याची शक्यता किती?' खाली ० ते १० आकडे होते आणि त्यांपैकी एकाला गोल करायचा होता. त्याखाली दोन ओळी मोकळ्या होत्या : 'हाच आकडा का दिलात?' आपल्या शाळेला हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. आपल्याकडे नवी मुले जाहिरात वाचून येत नाहीत. नाशिक, धुळे, जळगावकडून एखादे कुटुंब पिपरिया किंवा मसाटच्या कारखान्यात नोकरीसाठी सिल्वासात येते, शेजारी चौकशी करते आणि शेजारी जे सांगेल त्यावर मुलाचे नाव कुठे घालायचे ते ठरते. तो शेजारी म्हणजे आपल्यापैकीच कुणी पालक.

हा प्रश्न आणि त्याची मोजणी अमेरिकेतून आली. बेन अँड कंपनी या सल्लागार संस्थेतील फ्रेडरिक राइशहेल्ड यांनी डिसेंबर २००३ च्या 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहून ती जगापुढे मांडली. ग्राहकांना लांबलचक प्रश्नावल्या देण्यापेक्षा 'तुम्ही आमची शिफारस कराल का?' एवढेच विचारा, असे त्यांचे म्हणणे होते. कोणत्या ग्राहकाने काय उत्तर दिले आणि पुढे त्याने खरोखर पुन्हा खरेदी केली का, इतरांना सांगितले का, हे त्यांनी जुळवून पाहिले. त्यांना तीन गट दिसले. ९ किंवा १० देणारे आपणहून दुसऱ्याला सांगतात. त्यांना त्यांनी प्रमोटर म्हटले. ७ किंवा ८ देणारे समाधानी असतात, पण गप्प असतात आणि दुसरे काही बरे मिळाले तर जातात, ते पॅसिव्ह. ० पासून ६ पर्यंत सगळे डिट्रॅक्टर, म्हणजे नाराज, ज्यांच्या तोंडून संस्थेची बदनामी होण्याचा संभव जास्त. आपण या तिघांना शिफारस करणारे, तटस्थ आणि नाराज म्हणू.

हिशेब अगदी सोपा आहे. शिफारस करणारे शेकडा किती ते काढायचे, नाराज शेकडा किती ते काढायचे आणि पहिल्यातून दुसरे वजा करायचे. येणारी संख्या म्हणजे निव्वळ गुण. तटस्थ मंडळी एकूण संख्येत मोजली जातात, पण ती ना बेरजेत ना वजाबाकीत. सगळेच शिफारस करणारे असतील तर गुण अधिक १००, सगळेच नाराज असतील तर उणे १००. म्हणजे ही मोजपट्टी शून्यापासून सुरू होत नाही. शून्य तिच्या मध्यावर आहे. अधिक ५ हे 'शंभरापैकी पाच' नव्हेत. सभेत निम्मा गोंधळ एवढ्यामुळेच झाला.

आता आपला गठ्ठा पाहू. १० देणारे ३० आणि ९ देणारे १८, मिळून ४८ पालक. ८ देणारे ४० आणि ७ देणारे ३२, मिळून ७२. ६ देणारे १८, ५ देणारे १२, ४ देणारे ४, ३ देणारे २, २ देणारे २ आणि १ व ० देणारे प्रत्येकी एक, मिळून ४०. एकूण १६०. १६० मध्ये ४८ म्हणजे ३० टक्के, ७२ म्हणजे ४५ टक्के, ४० म्हणजे २५ टक्के. तिसांतून पंचवीस गेले, उरले पाच. आणि सगळ्या गुणांची बेरीज १२०१ येते, तिला १६० ने भागले की साडेसात. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. विद्यार्थी मित्रांनी पाटीवर करून पाहावेत.

बरोबर हिशेबापर्यंत आम्ही पोहोचलो तो पहिल्या फटक्यात नाही, हेही कबूल करायला हवे. मुलांनी आकडे संगणकावर एक्सेलमध्ये भरले, ब रकान्यात नव्हे तर B रकान्यात, दुसऱ्या ओळीपासून १६१ व्या ओळीपर्यंत, आणि हे सूत्र लिहिले :

```
=(COUNTIF(B2:B161,">=9")-COUNTIF(B2:B161,"<=6"))/COUNT(B2:B161)*100
```

उत्तर आले साडेसात! सरासरी आणि निव्वळ गुण दोन्ही साडेसात कसे, म्हणून आम्ही चक्रावलो. मग सरासरी काढायला सांगितली तर ती पाचशेच्या पुढे गेली. दहापैकी पाचशे! शोधल्यावर कळले की दोन पालकांनी आकड्याला गोल न करता बाजूला '4/10' आणि '2/10' असे हाताने लिहिले होते आणि मुलांनी ते तसेच टंकले होते. एक्सेलने त्याची तारीख केली, ४ ऑक्टोबर आणि २ ऑक्टोबर. एक्सेल तारीख आतमध्ये दिवसांच्या मोजणीने ठेवतो, म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या पुढची एक संख्या. ती ९ पेक्षा मोठी, म्हणून आपले दोन नाराज पालक गुपचूप शिफारस करणाऱ्यांत जाऊन बसले. सूत्राने कसलीही तक्रार केली नाही. नुसता निव्वळ गुण पाहिला असता तर चूक कधीच कळली नसती, कारण साडेसात ही शक्य वाटणारी संख्या आहे. म्हणून आमचा पहिला धडा : टक्के काढण्याआधी रकान्यातील सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या पाहावी आणि ० ते १० प्रत्येक आकड्याचे फॉर्म किती, ते हाताने मोजून ताडून घ्यावे. त्याचप्रमाणे ज्याने गोलच केला नाही त्याचा चौकोन मोकळा ठेवावा, तिथे शून्य भरू नये. मोकळा चौकोन सूत्र सोडून देते. शून्य भरले तर एक नाराज पालक आपण स्वतःच जन्माला घालतो.

आता मूळ वादाकडे. साडेसात आणि पाच यांपैकी खरे काय? सरासरीचा दोष असा की ती सगळ्यांना एकत्र कालवते. १० देणारा आणि ५ देणारा मिळून साडेसात होतात आणि ७ व ८ देणारे दोघे मिळूनही साडेसातच होतात. पहिल्या जोडीत एक घर आपले कौतुक करत हिंडते आणि एक घर दुखावलेले आहे; दुसऱ्या जोडीत दोन्ही घरे गप्प आहेत. शाळेच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. निव्वळ गुणाने हा फरक डोळ्यांपुढे आणला, हे त्याचे मोल. चाळीस कुटुंबे आपल्याला ६ किंवा त्याहून कमी देतात हे साडेसातच्या पेढ्यांत कुणालाच दिसले नसते.

पण निव्वळ गुणही कालवाकालव करतोच. अधिक ५ हा गुण आपल्यासारखा ३० वजा २५ असा येतो. एखाद्या शाळेत ५ टक्के शिफारस करणारे, ९५ टक्के तटस्थ आणि नाराज कुणीच नाही, तरी गुण अधिक ५. दुसऱ्या शाळेत ५० टक्के शिफारस करणारे, ५ टक्के तटस्थ आणि ४५ टक्के नाराज, तरीही अधिक ५. पहिली शाळा झोपलेली आहे, दुसरीत उभी फूट पडलेली आहे. दोघींना एकच औषध देणारा वैद्य कसा चालेल? तीन टक्केवाऱ्या हाताशी असताना त्यांची एक करून दोन फेकून देणे आम्हाला पटत नाही.

त्याहून नाजूक गोष्ट सीमारेषेची आहे. ६ देणाऱ्याला नाराज का म्हणायचे? आमच्या पिढीतील ज्या पालकांनी महाराष्ट्रात दहावी केली त्यांना विचारा. ३५ ला पास, ४५ ला द्वितीय श्रेणी, ६० ला प्रथम श्रेणी, ७५ ला विशेष प्रावीण्य. ही मोजपट्टी आमच्या हाडीमांसी खिळलेली आहे. त्या मोजपट्टीवर दहापैकी सहा म्हणजे प्रथम श्रेणी! आठ म्हणजे गल्लीत पेढे वाटण्याजोगा निकाल, आणि दहापैकी दहा तर निबंधाला कुणी मास्तर देत नसत. अशा पालकाने मनापासून ६ दिला की अमेरिकेतून आलेले सूत्र त्याला शाळेचा निंदक ठरवते. हा आमचा नुसता तर्क नाही. ६ देणाऱ्या १८ फॉर्मांवरच्या मोकळ्या ओळी आम्ही वाचल्या. त्यांपैकी ७ फॉर्मांवर तक्रारीचा एक शब्द नव्हता. एका पालकांनी लिहिले होते, 'शाळा चांगली आहे. मुलगी आनंदाने जाते.' आणि गोल ६ ला.

सीमारेषा जराशी हलवली तर काय होते पाहा. ६ देणाऱ्यांना तटस्थांत घातले तर नाराज उरतात २२, म्हणजे पावणेचौदा टक्के, आणि गुण पाचावरून सव्वासोळा होतो. ६ जागेवरच ठेवून ८ देणाऱ्यांना शिफारस करणाऱ्यांत घेतले तर ते होतात ८८, म्हणजे ५५ टक्के, आणि गुण होतो ३०, म्हणजे सभेत ठरवू पाहिलेले लक्ष्यच. शाळेत एक खडूही न हलवता लक्ष्य गाठले! याचा अर्थ रेषा आपल्या सोयीने हलवावी असा नाही. तसे केले तर मग मोजायचेच कशाला? अर्थ एवढाच की गुणाचा मोठा भाग पालकांच्या मनातून येत नाही, रेषा कुठे मारली त्यातून येतो. म्हणून दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या देशाच्या, किंवा वापीच्या एखाद्या कारखान्याच्या निव्वळ गुणाशी आपला गुण ताडून पाहण्यात अर्थ नाही. ताडायचाच तर आपला आपल्याशीच, तोच प्रश्न, तीच रेषा आणि वर्षाचा तोच महिना ठेवून.

हा अनुभव आपल्यालाच आला असे नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने एप्रिल २०१३ पासून रुग्णालयांतील रुग्णांना असाच प्रश्न विचारायला सुरुवात केली : हा वॉर्ड तुम्ही आप्तेष्टांना सुचवाल का? उत्तरे आकड्यांत नव्हे, शब्दांत होती. 'अगदी नक्की' म्हणणारे तेवढे शिफारस करणारे धरले, नुसते 'सुचवेन' म्हणणारे तटस्थ धरले आणि बाकीचे वजा केले. रुग्ण सरळ 'सुचवेन' म्हणतो आहे आणि हिशेबात त्याची किंमत शून्य! शिवाय असा गुण पाहून सामान्य माणसाला काही बोध होईना. आढावा घेतल्यावर २०१४ मध्ये त्यांनी निव्वळ गुण सोडला आणि 'शेकडा इतके सुचवतील, शेकडा इतके सुचवणार नाहीत' असे साधे दोन आकडे द्यायला सुरुवात केली. एवढ्या मोठ्या यंत्रणेला जे उमगले ते आपण फुकटात शिकावे.

आता वर्गवार गुणांच्या सूचनेकडे येतो, कारण आमच्या मते खरा धोका तिथे आहे. पाचवीचे २० फॉर्म आले : ६ शिफारस करणारे, ९ तटस्थ, ५ नाराज. गुण अधिक ५. सहावीचेही २० फॉर्म आले : ४ शिफारस करणारे, १० तटस्थ, ६ नाराज. गुण उणे १०. फलकावर हे शेजारी शेजारी लागले तर सहावीच्या बाईंकडे सगळे कसे पाहतील? आणि प्रत्यक्षात फरक किती? सहावीच्या दोन पालकांनी ८ ऐवजी ९ ला गोल केला असता आणि एकाने ६ ऐवजी ७ ला, तर दोन्ही वर्ग तंतोतंत सारखे झाले असते. तीन पालकांचा एकेक गुण, एवढाच तो फरक. वीस फॉर्मांत एका पालकाने रेषा ओलांडली की गुण पाचाने हलतो. एखाद्याने त्या सकाळी पाण्याच्या टँकरची वाट पाहता पाहता फॉर्म भरला, एवढ्यानेही तो हलू शकतो. शिवाय फॉर्म दर घरी एकच, थोरल्या मुलाच्या दप्तरातून गेला होता. ज्याची थोरली मुलगी आठवीत आणि धाकटा सहावीत, त्याचे मत आठवीच्या खात्यात जमा झाले. सहावीच्या बाईंचा त्याच्याशी संबंधच राहिला नाही.

आणि एकदा का गुण माणसाच्या प्रतिष्ठेशी बांधला की तो गुण गोळा होण्याच्या जागीच बिघडतो. गाडी सर्व्हिसिंगला दिली की परत देताना शोरूममधला मुलगा काय म्हणतो, हे आपण सर्वांनी ऐकले आहे : "साहेब, फोन येईल, दहाच द्या, आठ दिले तर आम्हाला शून्यच धरतात." तो खोटे बोलत नसतो, ८ देणारा हिशेबात खरोखरच काही भर घालत नाही. पण त्या विनवणीनंतर आपण दिलेले दहा हे गाडीचे नसतात, त्या मुलाच्या कीवेचे असतात. खुद्द राइशहेल्ड यांनी २०२१ मध्ये आपल्या सहकाऱ्यांबरोबर त्याच नियतकालिकात लिहिले की, गुण मिळवण्यासाठी ग्राहकांवर दबाव आणण्याचे प्रकार फार झाले आणि या आकड्याचा दुरुपयोग होतो आहे. गुणाला जोड म्हणून, जुने ग्राहक किती टिकले आणि त्यांच्या सांगण्यावरून नवे किती आले, हे हिशेबवहीतून काढा, असा मार्ग त्यांनी सुचवला. आपल्या बाईंनी मुलांच्या वहीत 'घरी सांगा, दहा द्यायचे' असे लिहावे, अशी वेळ आम्हाला आणायची नाही.

आणखी एक गोष्ट सभेत कुणीच विचारली नाही. फॉर्म २४० घरांत गेले, परत आले १६०. उरलेली ८० घरे कुठे गेली? समजा, ती सगळी नाराज आहेत आणि म्हणूनच गप्प बसली. मग शिफारस करणारे २४० मध्ये ४८, म्हणजे २० टक्के. नाराज १२०, म्हणजे ५० टक्के. गुण उणे ३०. समजा, ती सगळी खूश आहेत आणि फॉर्म दप्तरातच चुरगळला. मग गुण अधिक ३६ च्या पुढे जातो. खरे उत्तर यांच्या मध्ये कुठेतरी आहे. दोन्ही टोके घडण्याजोगी नाहीत हे आम्हालाही कळते, पण अधिक ५ चे पुढच्या वर्षी अधिक ९ झाले म्हणून हुरळून जाण्याआधी हे अंतर मनात ठेवावे. चार गुणांची वाढ मुळीच नसेल. या वर्षी ज्यांनी फॉर्म दिला नाही त्यांतल्या काहींनी पुढच्या वर्षी दिला, एवढेच असेल.

तर मग करावे काय? आमच्या मते या फॉर्मातील सगळ्यांत मौल्यवान भाग गोल नव्हे, त्याखालच्या दोन ओळी आहेत. ४० नाराज पालकांपैकी ३१ जणांनी कारण लिहिले आहे. त्यांतील १४ जणांचे कारण एकच : खानवेलकडून येणारी बस पावसाळ्यात वेळेवर येत नाही आणि उशीर झालेल्या मुलांना पहिल्या तासाला बाहेर उभे करतात. हे ना साडेसातात दिसले, ना पाचात. दुसरीकडे ७ आणि ८ देणाऱ्या ७२ पालकांना निव्वळ गुण विचारतच नाही, पण आपल्या गठ्ठ्यातील सर्वांत मोठा गट तोच आहे. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी लिहिले आहे, 'सर्व ठीक, पण इंग्रजी बोलण्याचा सराव कमी पडतो.' ज्यांना उद्या दुसरी शाळा खुणावेल ते पालक हेच. त्यांचे म्हणणे शून्यात धरून आपल्याला चालणार नाही.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आमचे म्हणणे असे. निकाल जरूर जाहीर करावा, पण तीन टक्केवाऱ्यांसह : ३०, ४५ आणि २५. सोबत फॉर्म किती दिले आणि किती परत आले तेही छापावे. निव्वळ गुण हवा असेल तर शेवटी लिहावा. तो संपूर्ण शाळेचा असावा, वर्गवार नसावा, आणि त्याला लक्ष्य जोडू नये. पुढच्या वेळी फॉर्म वर्गशिक्षकांच्या हाती न देता कार्यालयापाशी बंद पेटीत घ्यावेत आणि आकड्यांच्या दोन टोकांना शब्द लिहावेत : ० पाशी 'मुळीच सुचवणार नाही', १० पाशी 'नक्की सुचवेन'. त्याने दहावीच्या निकालाची मोजपट्टी काही अंशी तरी बाजूला राहील. आणि राइशहेल्ड यांनी सांगितलेला ताळा आपल्याला सहज घेता येतो : जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक नव्या पालकाला विचारावे, 'शाळा कुणी सुचवली?' आणि ते उत्तर रजिस्टरात लिहावे. 'सुचवेन' असे किती जण म्हणाले, त्यापेक्षा प्रत्यक्ष किती जणांनी सुचवले हे कळणे अधिक मोलाचे.

नाराज पालकांपैकी ज्यांनी फोन नंबर लिहिला होता त्यांना मुख्याध्यापिका बाई स्वतः फोन करीत आहेत. बसच्या फेरीची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणण्याबाबत बसवाल्यांशी बोलणेही सुरू आहे. समजा, ती वेळ बदलली आणि २ देणाऱ्या पालकांनी पुढच्या वर्षी ६ दिले, तर निव्वळ गुण जागचा हलणार नाही. २ ही नाराजांत आणि ६ ही नाराजांतच. सूत्राच्या लेखी काहीच घडलेले नसेल. पण ती मुले पावसात भिजून, पहिला तास बुडवून, दाराबाहेर उभी राहणार नाहीत. विश्वस्तांनी फलकावर काय लावायचे ते ठरवताना एवढे लक्षात घ्यावे, ही विनंती.